मदत हवी आहे: सोमवारपासून गाडी अर्धा तास लवकर, एका सीटची सोय होईल का?

मंडळी, सोमवारपासून माझी सकाळची मीटिंग लवकरची झाली आहे, त्यामुळे हिंजवडीची गाडी ८:१० ऐवजी ७:४० ला कोथरूड डेपोहून निघेल. चांदणी चौकात ७:५० च्या सुमारास पोहोचेन. तिथे कृपया सर्व्हिस रोडलाच उभे राहा. पुलाच्या रॅम्पवर गाडी थांबवता येत नाही, आणि एकदा वर चढलो की मागे वळायचं म्हणजे वाकडपर्यंत वरात. संध्याकाळची वेळ तीच, सव्वासहा.

अडचण बावधनच्या ताईंची आहे. त्यांच्या मुलाची स्कूलबस ७:५५ ला येते, म्हणजे आठच्या आत त्या निघूच शकत नाहीत. मी थांबलो तर बाकी तिघांना उशीर होतो, आणि भुजबळ चौकातली गर्दी सगळ्यांना माहीतच आहे.

तर, आठनंतर बावधनवरून फेज दोनला जाणारं कुणी आहे का? फक्त सकाळपुरतं, परत येताना त्या माझ्याच गाडीत असतील. पेट्रोलचा सकाळचा वाटा त्या तुम्हाला देतील, माझ्या हिशोबातून मी तो वजा करतो.

शनिवार संध्याकाळपर्यंत इथेच कळवा. बाकीच्यांनीही नवी वेळ जमतेय की नाही ते सांगा, नुसता अंगठा नको.