टॉवेलचं युनिट आणि ईआरपी: माल तयार ठेवायचा, ऑर्डरवर बनवायचा, की ग्रेवर थांबायचं?

अक्कलकोट_रोड
मंडळी, आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, माल पीस-डाइड म्हणजे विणून झाल्यावर रंगवलेला, तीन साईज आणि सोळा शेड. चार महिन्यांपूर्वी ईआरपी सॉफ्टवेअर घेतलं. गोडाऊनमध्ये नको त्या शेडचा माल पडून आहे आणि हॉटेलवाल्यांना पाहिजे ती शेड नाही. ईआरपीवाला म्हणतो सगळं मेक टू ऑर्डर करून टाका. वडील म्हणतात स्टॉक नसला की गिऱ्हाईक पुढच्या दारात जातं. कोण बरोबर?

पूर्वभाग_चादर
वडील बरोबर आहेत. मी चाळीस वर्षं चादरी विकतोय. गड्ड्याच्या यात्रेला माल लागतो तो दिवाळीआधीपासून मागावर चढवावा लागतो, तेव्हा कोण ऑर्डर देतंय? कुणीच नाही. हैदराबादचा व्यापारी रात्री गाडी घेऊन येतो, सकाळी माल भरून जातो, त्याला "पंचवीस दिवसांनी या" म्हणलं तर तो परत दारात पाय ठेवत नाही. कॉम्प्युटरला गिऱ्हाईक कळत नाही, ते काउंटरवर बसल्याशिवाय कळतच नाही बघा. हळू विकतो म्हणून माल ठेवायचाच नाही, हे मला पटत नाही.

कोडवाला_सोलापूर
काका, तुमचा काउंटरचा धंदा आहे, यांचा हॉटेलचा. मेक टू ऑर्डर केलं की इन्व्हेंटरी शून्य होते, डेड स्टॉकचा प्रश्नच मिटतो. आणि लीड टाईमचं म्हणाल तर ग्रे, म्हणजे विणलेला पण न रंगवलेला माल, तयार असला की डाइंग आणि शिलाई मिळून सहा दिवस, ऑर्डर आली की सिस्टीम आपोआप वर्क ऑर्डर काढते. सिम्पल आहे.

प्लॅनर_चिंचोळी
दादा, एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात तुम्ही. ग्रे तयार ठेवून ऑर्डर आल्यावर डाय करणं हे मेक टू ऑर्डर नाहीच, ते असेंबल टू ऑर्डर. खऱ्या मेक टू ऑर्डरमध्ये सूतसुद्धा ऑर्डर आल्यावर येणार, आणि तेव्हा सहा दिवसांचा हिशोब कोसळतो. शून्य इन्व्हेंटरी पण होत नाही, सूतवाला कमी माल देतच नाही, तेवढ्या बोऱ्या घ्याव्याच लागतात, त्या गोडाऊनमध्येच बसतात.

अक्कलकोट_रोड, तुमच्यासारख्याच एका युनिटमध्ये मी प्लॅनिंग बघते, म्हणून आमचाच हिशोब सांगते. ऑर्डर आल्यावर सूत मागवलं तर ८ दिवस, वार्पिंग-सायझिंग ३, पाइल आणि ग्राउंडचे दोन बीम लावून विणाई लूमच्या रांगेसकट ९, डाइंग रांगेसकट ४, कटिंग-हेमिंग ३, चेकिंग-पॅकिंग १. झाले २८. ग्रे रॅकवर असेल तर शेवटचे ८ दिवसच गिऱ्हाईकाला दिसतात, आणि तयार पांढरा असेल तर एक-दोन दिवसांत गाडीत. म्हणजे प्रश्न "स्टॉक ठेवायचा का" एवढाच नाही, माल कुठल्या टप्प्यावर थांबवायचा हा आहे. आणि तो आयटमनिहाय ठरतो, अख्ख्या कंपनीला एकच पद्धत लावायची नाही. पांढरा टॉवेल रोज जातो, तो तयार ठेवा, तिथं तुमचे वडील शंभर टक्के बरोबर आहेत. वाइन, टील, मस्टर्ड असल्या शेड ग्रेवर थांबवा. आणि ज्या हॉटेलला नाव विणून पाहिजे तो माल पूर्ण ऑर्डरवर, कारण नाव जकार्डमध्ये गेलं की तो टॉवेल दुसऱ्या कुणाचा होऊ शकत नाही. तेच नाव भरतकामात चालत असेल तर ते शेवटच्या टप्प्यावर येतं आणि २८ चे साधारण ९ दिवस होतात, हे गिऱ्हाईकाला विचारायचं कुणाला सुचत नाही, आम्हाला पण दोन वर्षं सुचलं नव्हतं.

आता ईआरपीतलं. तुमचा बीओएम बघा, म्हणजे कुठला माल कशापासून बनतो ती यादी. सूत ते पॅक केलेला टॉवेल असा एकाच पायरीचा आहे का? बहुतेक असणार, कारण घाईत सगळे तसाच टाकतात. मग ग्रे रॅकवर असला तरी सिस्टीमला दिसत नाही, कारण त्याला कोडच नाही.

अक्कलकोट_रोड
ताई, अगदी तसंच आहे. आत्ता जाऊन बघितलं, ३० बाय ६० इंचाचे २३०० ग्रे पीस भिंतीला लावून ठेवलेत आणि कालच सिस्टीमने त्याच साईजसाठी सूत मागवा म्हणून सजेशन काढलंय. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, बघ, मी सांगत होतो. कोड पाडायला किती वेळ लागेल?

प्लॅनर_चिंचोळी
तीन साईज म्हणजे तीन ग्रे कोड, एका दिवसाचं काम. सूत ते ग्रे हा खालचा बीओएम, ग्रे ते शेड हा वरचा. सोळा शेडच्या तीन साईज मिळून अठ्ठेचाळीस तयार आयटम आहेत, त्यांची प्रत्येकी विक्री आधी ओळखणं कुणाला जमत नाही, पण तीन ग्रेचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, एक शेड कमी गेली तर दुसरी जास्त जाते. फोरकास्ट ग्रेवर टाका, रंगीत शेडवर फोरकास्ट नाही, तिथं फक्त खरी ऑर्डर. पांढऱ्याला मात्र रिऑर्डर लेव्हल ठेवा.

युनिफॉर्म_हब
आमच्याकडं शाळेच्या युनिफॉर्मचं काम आहे, जूनमध्ये सगळं एकदम लागतं, म्हणून फेब्रुवारीपासून शिवत बसतो. साईज सेटमध्ये २६ आणि २८ संपतात आणि ४० पडून राहतात, प्रत्येक वर्षी. मग मी काय करू, कापड कापूनच ठेवू नको का? ईआरपीत शाळेचा लोगो वेगळा आयटम करायचा का ते पण सांगा कुणीतरी.

प्लॅनर_चिंचोळी
दादा, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे, तिथं शेड नाही, साईज फुटते, आणि कापलेलं कापड परत जोडता येत नाही. पण शाळेचा लोगो हा बॅज असेल आणि शर्ट साधा पांढरा असेल तर शर्ट शिवून ठेवा, बॅज ऑर्डरवर लावा, आणि हो, बॅज वेगळा आयटम करा. चेक्सचं कापड एकाच शाळेचं असेल तर मात्र नाही, तिथं शाळेची पक्की ऑर्डर घेतल्याशिवाय कापूच नका. साईजचं मागच्या वर्षीच्या विक्रीवरून बघा, यापेक्षा जास्त मला त्यातलं सांगता येणार नाही.

डाइंग_मास्तर
सगळे ८ दिवस ८ दिवस म्हणताय, पण माझ्या मशीनला कुणी विचारलंय का? माझं सॉफ्ट फ्लो मशीन २०० किलोचं. ३० बाय ६० चा ४५० जीएसएमचा टॉवेल साधारण ५२० ग्रॅम भरतो, म्हणजे एका लॉटला ३८० च्या आसपास पीस. हॉटेलवाल्याची ऑर्डर १२० पीसची, वाइन शेड. ६३ किलो. तेवढ्यासाठी मशीन चालवलं तर पाण्याचं, केमिकलचं प्रमाण बिघडतं, शेड पण हलते, आणि वर वाइननंतर लगेच क्रीम लावता येत नाही, मशीन धुवावं लागतं, म्हणून मी फिक्याकडून गडदकडे जातो. मग ती ऑर्डर दुसऱ्या वाइनची वाट बघत बसते, चार दिवस, कधी आठ. सेल्सवाला तोपर्यंत गिऱ्हाईकाला ८ दिवस बोलून बसलेला असतो आणि शिव्या मी खातो.

कोडवाला_सोलापूर
मास्तर, मान्य. माझे सहा दिवस मशीन रिकामं धरून होते. पण ते सिस्टीममध्ये टाकता येतं ना, त्या शेडचा कमीत कमी लॉट ३८० टाकला की सिस्टीम आपोआप तेवढाच काढते.

डाइंग_मास्तर
आणि उरलेले २६० वाइन कुणाच्या लग्नात वाटायचे? परत तोच रंगीत डेड स्टॉक.

प्लॅनर_चिंचोळी
मास्तरांचं बरोबर आहे, मिनिमम लॉट टाकून ग्रेचा फायदा हातानं घालवायचा नाही. आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, गडद शेडसाठी आठवड्यात ठरलेले दोन दिवस, आणि सेल्सला तेच दिवस दाखवतो, म्हणजे तारीख देताना वाट बघायचे दिवस आधीच धरलेले असतात. दुसरं, ग्रेचा शिल्लक माल ऑर्डरला पुरत असेल तर ८ दिवस अधिक ते थांबणं, पुरत नसेल तर तारीख सरळ २८ वर, मध्ये काही नाही. सेल्सनं मनानं "बघतो, पंधरा दिवसांत करतो" म्हणायचं नाही. तारीख काढताना सिस्टीम कुठली लेव्हल बघते ते तपासा, नाहीतर ग्रे असताना पण २८ सांगेल किंवा नसताना ८.

अक्कलकोट_रोड
मंडळी, कोड पाडले, रन केलं, आणि आता नवीन घोळ. ३० बाय ६० ग्रेला पुढच्या महिन्याचा फोरकास्ट ३००० टाकला, स्टॉक मोजून टाकायचा राहिला म्हणून शून्यच आहे, तर सिस्टीम ५८०० चा प्लॅन दाखवते. सूतवाल्याला फोन लावणार होतो, थांबलो.

प्लॅनर_चिंचोळी
थांबलात ते फार बरं केलंत. जुना शेडनिहाय फोरकास्ट काढलात का? तो २८०० चा असणार. तो बीओएममधून खाली ग्रेवर उतरतोय आणि ग्रेचा स्वतःचा ३००० त्याच्यात मिळतोय, एकच मागणी दोनदा मोजली जातेय.

रंगीत शेडचा काढून टाका आणि मग एक चाचणी करा, १०० पीसची खोटी ऑर्डर टाकून परत रन करा. ग्रेची एकूण मागणी ३००० च राहिली तर ऑर्डर फोरकास्ट खातेय, म्हणजे त्यातूनच वजा होतेय, ठीक आहे. ३१०० झाली तर खात नाही, मग सेटिंग शोधावं लागेल. सॅप नावाच्या ईआरपीत यासाठी वेगळी स्ट्रॅटेजी आहे, ७० नंबरची, असेंब्ली लेव्हलवर प्लॅनिंग करायची, नेहमीची ४० ग्रेला लावली तर वरच्या ऑर्डरमधून आलेली मागणी फोरकास्ट खात नाही. तुमच्या सिस्टीममध्ये काय नाव असेल ते ईआरपीवाल्याला विचारा, आणि फोरकास्ट किती दिवस मागे-पुढे खाल्ला जातो तो कालावधी पण विचारा, फार छोटा असेल तर उशिरा आलेली ऑर्डर परत वेगळीच मोजली जाते. खोटी ऑर्डर मात्र आठवणीनं रद्द करा, आमच्याकडे एकदा तशीच राहिली आणि १०० टॉवेल खरोखर डाय झाले.

पूर्वभाग_चादर
ताई, सगळं ऐकलं, पण हे पीस-डाइड टॉवेलचं झालं. सोलापूरचा खरा टॉवेल आणि चादर यार्न-डाइड आहे, रंग सुतातच लागतो, डिझाईन रंगीत सुतावर उठते. त्याला ग्रे नावाची पायरीच नाही. मग मी कुठं थांबू, रंगवलेल्या सुतावर थांबू? एका लॉटचा लाल दुसऱ्या लॉटच्या लालशी मिळत नाही, एकाच चादरीत दोन लाल दिसले की व्यापारी माल परत पाठवतो.

प्लॅनर_चिंचोळी
काका, यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. रंगवलेले कोन ठेवायचे झाले तर ईआरपीत ते लॉटनिहाय ठेवावे लागतील, एक चादर एकाच लॉटमधून, आणि मग लॉट संपताना उरलेले सात-आठ कोन पडून राहतात ते कुठे लावायचे हा प्रश्न राहतोच. आमच्याकडे असे कोन किनारीला वापरतात, पण सगळ्या डिझाईनला किनार वेगळी नसते. तुमच्यासाठी तयार माल ठेवणं कदाचित खरंच स्वस्त पडत असेल, मला आकडे बघायला लागतील.

डाइंग_मास्तर
काका, कोनचं मी बघतो. एक लॉट मोठा काढून ठेवला तर किती महिने शेड टिकते ते माझ्याकडच्या जुन्या सॅम्पलवर दिसेल. पुढच्या आठवड्यात तुमचा लाल घेऊन या.

अक्कलकोट_रोड
चाचणी केली. ३१०० आले. ईआरपीवाला म्हणतो सोमवारी बघतो. सोमवारपर्यंत सूत मागवणं बंद आहे, आज रॅक परत मोजून ग्रेचे २३०० सिस्टीममध्ये टाकले, आणि वाइनच्या १२० पीसच्या ऑर्डरला गुरुवारचा डाइंग दिवस धरून तारीख दिली. वडील तारखेवर सही करायला आधी तयार नव्हते, मास्तरांनी फोनवर सांगितल्यावर केली.