शब्दचर्चा : ‘साधा परतावा’ आणि ‘लॉग परतावा’

मिती : एका लेखाचे मराठीकरण करताना मला ‘साधा परतावा’ आणि ‘लॉग परतावा’ ही जोडी वापरावी लागत आहे. ‘साधा’ म्हटल्यावर वाचकाला सरळव्याज आठवेल, अशी मला धास्ती वाटते. शिवाय मूळ लेखात लॉग परताव्यांची सरळ बेरीज होते असे म्हटले आहे. मग साध्या परताव्यांची का होऊ नये?

वहीवाला : आपली शंका रास्तच आहे, कारण अर्थ तोच आहे. साधा परतावा म्हणजे सरळव्याज आणि लॉग परतावा म्हणजे चक्रवाढ.

जुना आलेख : चक्रवाढीचा धागा वहीवाला यांच्या हाती लागला आहे, पण त्यांनी तो भलत्या खुंटीला बांधला आहे. किंमत 100 वरून 120 झाली, तर साधा परतावा 20 टक्के. पुढच्या मुदतीत ती 20 टक्क्यांनी उतरली, तर 96 होते, 100 नव्हे. कारण दुसरे 20 टक्के 120 वर मोजले गेले, म्हणजे पाया बदलला. पाया बदलत असल्यामुळे साधे परतावे एकमेकांत मिळवता येत नाहीत, त्यांचे गुणक गुणावे लागतात: 1.2 गुणिले 0.8 म्हणजे 0.96, अर्थात एकूण 4 टक्के तोटा. तेव्हा चक्रवाढ साध्या परताव्यातही आहेच.

लॉगचे काम एवढेच की ते गुणाकाराची बेरीज करून देते. 1.2 चा नैसर्गिक लॉग 0.1823 आणि 0.8 चा उणे 0.2231, बेरीज उणे 0.0408, आणि 0.96 चा लॉगही तेवढाच. हा योगायोग नाही. लॉग परतावा म्हणजे नव्या किमतीच्या लॉगमधून जुन्या किमतीचा लॉग वजा करणे. त्यामुळे ओळीने मांडलेल्या मुदतींची बेरीज करताना 120 चा लॉग एकदा अधिक आणि एकदा उणे येऊन नाहीसा होतो. मुदती दोन असोत वा दोनशे, मधल्या सगळ्या किमती अशाच गळून पडतात आणि फक्त पहिली व शेवटची उरते.

टाचणी : माझा अनुभव मात्र वेगळा आहे. मी तक्त्यात हेच आकडे घातले, तर पहिल्या मुदतीला 0.0792 आले आणि बेरीज उणे 0.0177 झाली. गंमत म्हणजे 0.96 चा लॉगही मला उणे 0.0177 च मिळाला, म्हणून मी निश्चिंत होतो.

जुना आलेख : आपण `LOG` वापरले असावे, तक्त्यात पाया दिला नाही तर ते 10 चा पाया धरते. सूत्र असे हवे:

```
=LN(B3/B2)
```

बेरीज कोणत्याही पायावर जुळते, त्यामुळे ती जुळणे हा सूत्र बरोबर असल्याचा पुरावा होत नाही. चूक ओळखायची खूण निराळी आहे: परतावा लहान असेल तेव्हा नैसर्गिक लॉग साध्या परताव्याच्या अगदी जवळ राहतो, 1 टक्क्याला 0.00995 येते. आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी आला, तर पाया 10 चा आहे असे समजावे.

वहीवाला : माझी चूक मान्य आहे. मग लॉग परतावे नेहमीच मिळवावेत, अनेक समभागांच्या संचातसुद्धा, असे म्हणूया.

जुना आलेख : तिथे मात्र उलट आहे. समसमान रक्कम घातलेल्या दोन समभागांपैकी एक 20 टक्के चढला आणि दुसरा तेवढाच उतरला, तर संचाला ना नफा ना तोटा, आणि साध्या परताव्यांची सरासरी शून्य हेच सांगते. लॉग परताव्यांची सरासरी मात्र उणे 0.0204 येते, म्हणजे न झालेला तोटा दाखवते. काळाच्या दिशेने लॉग मिळवावेत. एकाच मुदतीत निरनिराळ्या समभागांची सरासरी घ्यायची असेल, तर साधे परतावेच वापरावेत.

मिती : मग ‘साधा’ हाच शब्द ठेवते, मात्र पहिल्याच उल्लेखात सरळव्याजाशी त्याचा संबंध नाही असे वाक्य घालते. ‘लघुगणकी परतावा’ कसा वाटतो?

टाचणी : शब्द शुद्ध आहे, पण तक्ता उघडून बसलेला माणूस ‘लॉग’च म्हणतो. मला अडते ते टक्क्यांशी: उणे 0.0408 ला ‘उणे 4.08 टक्के’ लिहावे का? प्रत्यक्ष तोटा तर 4 टक्केच आहे.

जुना आलेख : मी लिहीत नाही, दशांशातच ठेवतो आणि वाचकाला सांगायच्या वेळी घातांकाने परत फिरवून 4 टक्के म्हणतो.

वहीवाला : मी लिहीन. दैनंदिन आकड्यांत फरक इतका किरकोळ असतो की दशांशांची ओळ वाचणाऱ्यालाच जड जाते.