जुलाब-उलट्या, थर्ड शिफ्ट आणि रजेचा अर्ज : तुमचे अनुभव सांगा

मोल्डिंग विभाग, चाकण
मागच्या पावसाळ्यात माझे दिवस बिनपगारी धरले. कारण एवढंच, की अर्जातल्या आणि डॉक्टरांच्या दाखल्यातल्या तारखा जुळत नव्हत्या. कुणाचं असं झालंय का? अर्जात काय लिहिलंत? आधी माझं सांगतो.

मी थर्डला होतो, रात्री 11 ते सकाळी 7. 12 जुलैच्या पाळीत रात्री दीडला पोटात कळ आली. तीनपर्यंत चार जुलाब, दोन उलट्या. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, मशीनचा दरवाजा धरून उभा होतो. सुपरवायझरनी गेटपासवर सही केली आणि साडेतीनला बाहेर पडलो. दवाखाना उघडला सकाळी 9 ला, म्हणजे 13 तारखेला. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि दाखल्यावर लिहिलं, ‘तीव्र गॅस्ट्रो, 13 ते 15 विश्रांती’.

आमच्याकडे पाळी ज्या तारखेला सुरू होते त्या तारखेला हजेरी लागते. म्हणून मी अर्जात 12 ते 14 लिहिलं आणि 15 च्या रात्री कामावर गेलो. टाइम ऑफिसला दिसलं ते असं : 12 तारखेचा दाखला नाही आणि 15 ला विश्रांती असताना माणसाचा पंच आहे. दाखलाच खोटा, असं ठरलं.

टाइम ऑफिसमध्ये 18 वर्षं
असे अर्ज दर पावसाळ्यात येतात, आणि बहुतेक थर्डवाल्यांचेच. दादा, डॉक्टरांकडे 12 तारीख मागू नका. त्यांनी तुम्हाला 13 ला तपासलं, तेवढंच ते लिहू शकतात. पण ‘आदल्या रात्रीपासून त्रास असल्याचे रुग्ण सांगतो’ अशी ओळ ते लिहितात, ती जरूर मागा. आणि ‘15 च्या रात्रपाळीपासून कामास योग्य’ हेही लिहून घ्या. तुमच्या दाखल्यात नेमकं हेच नव्हतं.

अर्जात नुसती तारीख नको, पाळी लिहा. तुमच्या बाबतीत मी असा लिहिला असता :

> विषय : तीव्र गॅस्ट्रोमुळे वैद्यकीय रजा मिळणेबाबत
>
> महोदय,
> मी मोल्डिंग विभागात तिसऱ्या पाळीत काम करतो. 12 जुलै रात्री 11 ते 13 जुलै सकाळी 7 या पाळीत मला जुलाब व उलट्यांचा तीव्र त्रास झाला. पहाटे 3.30 वाजता सुपरवायझरांच्या परवानगीने गेटपास घेऊन मी बाहेर पडलो. 13 जुलैला सकाळी डॉक्टरांनी तपासून विश्रांतीचा सल्ला दिला. तरी 12 जुलैच्या पाळीचे उरलेले तास आणि 13 व 14 जुलैच्या पूर्ण पाळ्यांची रजा मंजूर करावी, ही विनंती. 15 जुलैच्या तिसऱ्या पाळीला मी रुजू होत आहे.
>
> सोबत : वैद्यकीय दाखला, गेटपासची प्रत

खाली टोकन नंबर आणि सही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचाच.

पॅकिंग, रांजणगाव
एवढं कशाला? ईएसआय कापत असतील तर आजारपणाचे 70 टक्के पैसे मिळतात. मी पाच दिवस घरी होतो, मिळाले.

युनियनचं काम बघते
70 टक्के बरोबर, पण पाचही दिवसांचे नसतील, खातं बघा. आजारपणाचे पहिले दोन दिवस धरत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तरच त्यात सूट आहे. म्हणजे तीन दिवसांच्या गॅस्ट्रोत हातात जेमतेम एका दिवसाचे येतात. शिवाय दाखला ईएसआयच्या दवाखान्याचा लागतो. आमच्या दोन मुलांनी खाजगी डॉक्टरांचा नेला आणि त्यांना हात हलवत परत यावं लागलं.

पॅकिंग, रांजणगाव
बघितलं ताई. तीनच दिवसांचे आहेत.

कँटीन, सेकंड शिफ्ट
माझं उलटंच झालं. दोन दिवसांत जुलाब थांबले, रोज बुडायला नको म्हणून तिसऱ्या दिवशी गेलो. डॉक्टर म्हणाले होते, शेवटचा जुलाब झाल्यापासून 48 तास अन्नाला हात लावायचा नाही. दाखल्यावर मात्र नुसतं ‘दोन दिवस विश्रांती’ होतं. मी पोळ्या लाटायला बसलो. मनाला फार लागलं ते. आता मी डॉक्टरांना आधीच सांगतो, ‘मी स्वयंपाकाचं काम करतो, तसं लिहा.’

शिवणकाम युनिट, इचलकरंजी
माझ्या मुलाला गॅस्ट्रो होऊन ॲडमिट केलं होतं, त्याचा दाखला माझ्या अर्जाला चालेल का?

टाइम ऑफिसमध्ये 18 वर्षं
ताई, वैद्यकीय रजा स्वतःच्या आजाराची असते. मुलासाठी किरकोळ रजा किंवा हक्काची रजा मागा, आणि कारण म्हणून त्याचे ॲडमिटचे कागद जोडा.

मोल्डिंग विभाग, चाकण
साहेब, अर्ज उतरवून घेतला. एकच राहिलं. 12 च्या पाळीत मी साडेचार तास काम केलं. एचआर म्हणतं अर्धा दिवस भरायला चार तास पुरतात, आमचे सुपरवायझर म्हणतात पाच लागतात.

टाइम ऑफिसमध्ये 18 वर्षं
आमच्याकडे चार. तुमच्या कंपनीचे स्थायी आदेश बघावे लागतील, गेटजवळच्या फलकावर लावलेले असतात. तिथं काय लिहिलंय ते इथं कळवा.