प्रतिसाद: ओआरएस आणि झिंक

> मुलगा 14 महिन्यांचा, कालपासून जुलाब. ओआरएस चमचाभर पेल्यात टाकून देतेय, चालेल ना? झिंक पण दिलंय पण जुलाब थांबतच नाहीयेत, बंद करू का?

चमचाभर नको ताई, प्रमाण बिघडतं. पाकिटावर बघा, मोठं असेल तर 1 लिटरचं असतं, छोटं 200 मिलीचं. मोठं असेल तर उकळून गार केलेलं पाणी 1 लिटर मोजून घ्या (पाण्याची लिटरची बाटली मापाला बरी) आणि अख्खं पाकीट एकदमच टाका. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं आणि ते बाळाला खरंच धोक्याचं, जास्त झालं तर उपयोग कमी. वरून साखर, ज्यूस काही घालू नका, 24 तासांनी उरलेलं ओतून द्या.

या वयाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, चमच्या चमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून परत हळूहळू सुरू करा, अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवा.

झिंक बंद करू नका, त्याने जुलाब लगेच थांबत नाहीतच, आजार थोडा लवकर आटोपतो आणि पुढचे 2-3 महिने परत होण्याची शक्यता कमी होते, म्हणूनच शी घट्ट झाली तरी 14 दिवस पूर्ण करायचं. 6 महिन्यांपुढे रोज 20 मिग्रॅ, 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला 10. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते.

शीत रक्त, डोळे खोल, लघवी कमी, मूल सुस्त किंवा पीतच नसेल तर मात्र लगेच दवाखाना गाठा.