मदत हवी आहे: 'खाली' शब्दाने केलेला घोळ आणि नोटिशीची भाषा

अंबडवाली: अंबडच्या एका छोट्या कारखान्यात एचआर बघते. माणसं 64. निम्म्याहून जास्त मराठी, त्यातले बरेच सटाण्याकडचे, आपसात अहिराणी बोलणारे. पंधरा-वीस जण हिंदीवाले, आठ ओडिया. साहेब म्हणतात, हिंदी सगळ्यांना कळते, सगळं हिंदीतच लावा. गेल्या शनिवारी बोर्डावर लावलं, "छुट्टी से पहले कूलंट की बाल्टी खाली रखें." आमच्या हेल्परने भरलेली बादली स्टँडवरून काढून खाली जमिनीवर ठेवली! सोमवारी शेडभर कुजका वास. नोटिशी आणि मीटिंगच्या भाषेचा नियम नेमका कसा लिहावा?

गोदाकाठ: ताई, महाराष्ट्रात मराठी सक्तीची आहे. बाकी भाषांत लावायचंच नाही.

जुना_फॅक्टरीवाला: गोदाकाठ, सक्ती आहे ती दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी असण्याची. तिथेही दुसरी भाषा चालते. कारखान्याचं वेगळं. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 108 म्हणत होतं की कायद्यानुसार लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, मुख्य दाराजवळ ठळक जागी हव्यात. आता नव्या कामगार संहिता आल्यात, तेव्हा आजचा मजकूर सल्लागाराकडून बघून घ्या. तुमच्याकडे बहुसंख्य म्हणजे मराठी, पण तिसरी भाषा लावायला कोणी अडवत नाही.

आणि ताई, 'मातृभाषा कोणती' विचारू नका, 'वाचता काय येतं' विचारा. ओडिया पोरं हिंदी फर्डी बोलतात, पण त्यांची लिपी वेगळी. देवनागरी अडखळत वाचणारा लाजेपोटी मान डोलावतो. नोटीस लावली की प्रत्येक गटातल्या एकाला विचारा, "आता तू काय करशील?" बादलीचा घोळ तिथेच कळला असता. मराठीत 'रिकामी करा' लिहा, हिंदीत 'पूरा कूलंट निकाल दें'. 'खाली' नकोच.

कॉलेजरोड_आयटी: आमच्याकडे मीटिंग इंग्रजीत असते, पण दोघे मध्येच तेलुगूत बोलतात. त्यांना थांबवावं का?

जुना_फॅक्टरीवाला: चहाला काय वाट्टेल ते बोलू द्या. निर्णयाची गोष्ट असेल तर तिथेच सगळ्यांना कळेल असं पुन्हा सांगायचं, एवढंच.

अंबडवाली: सकाळच्या दहा मिनिटांच्या मीटिंगचं काय? दोन भाषांत घेतली तर वीस होतात, लाइन थांबते.

जुना_फॅक्टरीवाला: सगळं दोनदा नको. टार्गेट, हजेरी मराठीत. धोक्याची बाब आणि बदललेलं काम मात्र हिंदीतही, सुपरवायझरनेच सांगायचं. ओडियासाठी त्यांच्यातला एक जण उभा करा, पण ते त्याच्या कामात धरा, फुकटची हमाली नको.

मोसमकाठ: अहिराणीचंही लिहा ना! आमचा सुपरवायझर नकला करतो, मग पोरं मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाहीत. बेअरिंग आवाज करतंय हे माहीत असून कोणी बोललं नव्हतं.

अंबडवाली: हे आमच्याकडेही होतं. नकलेवर लेखी समज द्यायची असं टाकते. ओडिया नोटीस बरोबर छापली की नाही हे मात्र कोण तपासणार? आमचा ओडिया मुलगा बोलतो छान, लिहिताना चुकतो म्हणतो.