घण, ब्रेकर अन् शॉकप्रूफ घड्याळ

मूळ पोस्ट: "शॉकप्रूफ घड्याळ म्हणजे शहरी पोरांची हौस. रबराच्या डब्यात तेच दोनशे रुपयांचं मशीन. घण मारणाऱ्यानं काहून घ्यावं?"

विहीरवाला, यवतमाळ: हे वाचून राहवलं नाही. मशीन तेच असेल, पण ते बसवलं कसं हे पाहा. 1983 च्या कॅसिओच्या पहिल्या जी-शॉकपासून मशीन केसला चिकटवलेलंच नाही, मोजक्या ठिकाणी मऊ आधारावर ते पोकळीत तरंगतं. ते घडवणारे इंजिनिअर किकुओ इबे तिसऱ्या मजल्यावरच्या संडासाच्या खिडकीतून नमुने खाली टाकून पाहत. बाहेरचं आवरण काचेपेक्षा उंच, बटनं आत दबलेली, म्हणून दगडावर आपटलं तरी मार आधी आवरणावर बसतो. बाजारातल्या नकलेचं मागचं झाकण उघडा, मशीन थेट प्लास्टिकला टेकलेलं दिसेल.

वर्धेकर: पडणं वेगळं, ब्रेकर वेगळा. एक दणका गादी झेलते, दिवसभराची थरथर नाही. माझ्या भावाचं ब्रेकरवर बंद पडलं.

विहीरवाला: बंद पडण्याआधी बॅटरी बदलली होती का?

वर्धेकर: हो, तालुक्याच्या दुकानात. पण त्याचा इथं काय संबंध?

घड्याळदुरुस्ती, अमरावती: संबंध आहे. झाकणाखाली मशीनवर काळी रबरी गादी असते, तिला बीपच्या स्प्रिंगसाठी भोक असतं. घाईत गादी फिरली की स्प्रिंग झाकणाला लागत नाही, बीप जाते. गादीच राहिली तर मशीन आत हलतं. आणि गोल रबरी रिंग मुरगळली तर घाम आत शिरतो. घड्याळ हातावर गरम झालं की काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा. आतून धुकं धरलं आणि ते लवकर गेलं नाही, तर ओल आहे. थरथरीबद्दल मात्र वर्धेकरांचं बरोबर आहे, साध्या मॉडेलची खात्री मी देणार नाही. पट्ट्याची पिनही ढिली होते.

शेतमजूर, वाशिम: राजेहो, घड्याळाचं मरू द्या! मळणीयंत्रावर काहीच घालू नका. आमच्या गावात पोराचा पट्टा शाफ्टमध्ये गुतला. साधा पट्टा तुटला असता, हा तुटला नाही. मनगट गेलं त्याचं.

वर्धेकर: मी सोयाबीनच्या मळणीत दरवर्षी घालतो, काही झालं नाही.

शेतमजूर: तुम्हाले नाही झालं म्हणून होत नाही काय? बाहीसुद्धा गुंडाळून ठेवतो आम्ही!

घड्याळदुरुस्ती: फिरत्या यंत्रापाशी खिशात ठेवा, यावर वाद नको.

विहीरवाला: मळणीचं मान्य. पण विहिरीत शाफ्ट नसतो अन् मोबाईल खाली नेता येत नाही. सुरुंगाची वेळ पाहायची तर मनगटावरच लागतं.

मूळ पोस्टवाला: ठीक, गादीचं मला माहीत नव्हतं. पण फवारणीच्या औषधानं आवरण चिरतं, त्याचं काय?

घड्याळदुरुस्ती: औषध, घाम अन् ऊन मिळून ते आवरण वर्षांनी ठिसूळ होतं, तुकडे पडतात. रोज साध्या पाण्यानं धुवा. आवरण बदलून मिळतं, पण जुनं मॉडेल असेल तर शोधत बसावं लागतं.

वर्धेकर: भावाच्या घड्याळात गादी आहे का, उद्या उघडून सांगतो. तोवर ब्रेकरचं माझं मत तेच.