मदत हवी आहे: आईच्या पाठीचा मणका दबला असेल का?

आई ७२ वर्षांची, आम्ही खानापूरजवळ राहतो. परवा न्हाणीतली भरलेली बादली उचलताना पाठीच्या मध्यात ‘कट’ झालं नि ती तिथंच खाली बसली. आडवी झाली की बरं वाटतं, उठताना मात्र ओरडते. मणक्यावर एकाच जागी बोट टेकवलं तरी कळ येते. गेल्या वर्षी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे ३.१ होता, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली; त्यावरच्या गोळ्या तिनं मध्येच सोडल्या, काय बोलायचं! डॉक्टर लचक म्हणतात, झोपवून काढलेला एक्स-रे ठीक आला. पण ताजा दबलेला मणका एक्स-रेत सुटतो ना? पायांत मुंग्या नाहीत, लघवीवर ताबा आहे. एमआरआयला बेळगावला न्यायचंय. गाडीत आडवंच झोपवावं का? नि पट्टा आत्ताच बांधावा की निदान झाल्यावर?